खातं एका कागदावर, लॉकर दुसऱ्यावर: बँकेतल्या वारसा-अर्जामागचा इतिहास

घरातला माणूस गेल्यावर बँकेला द्यायचं पत्र बहुतेक वेळा एकच लिहिलं जातं: ‘वडिलांचं खातं आणि लॉकर आमच्या नावे करावं.’ इथूनच अडचणीला सुरुवात होते. बँकेच्या लेखी खातं आणि लॉकर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यासाठी लागणारे कागदही वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांसाठी जन्मले.

खात्यातली रक्कम हे बँकेकडे ठेवलेलं सामान नव्हे. ते बँकेने ठेवीदाराला देणं असलेलं कर्ज आहे. 1848 साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने हे स्पष्ट केलं आणि आपल्याकडचा बँकिंग कायदाही त्याच पायावर उभा आहे. मग प्रश्न येतो तो असा: सावकार मेला, तर ऋणकोने पैसे कोणाला द्यावेत? आज एका मुलाला दिले आणि उद्या दुसरा उभा राहिला तर? या भीतीवर उपाय म्हणून 1860 चा कायदा आला. वारसांना येणं वसूल करता यावं आणि त्यांना पैसे देणाऱ्याला संरक्षण मिळावं, असा त्याचा दुहेरी हेतू होता. 1889 मध्ये त्याची जागा सक्सेशन सर्टिफिकेटच्या, म्हणजे मृताची येणी वसूल करण्यासाठी न्यायालय वारसाला देतं त्या दाखल्याच्या, कायद्याने घेतली आणि पुढे 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात ही सगळी तरतूद कलम 370 पासून पुढे सामावली.

त्यातलं कलम 381 बँकेला सर्वांत प्रिय. सर्टिफिकेट धारण करणाऱ्याला सद्भावनेने पैसे दिले की बँक मोकळी होते. म्हणून हा कागद वारसापेक्षा बँकेचं रक्षण जास्त करतो, असं म्हटलं तरी चालेल. मालकीचा शेवटचा निवाडा त्यात नसतो. वारसांचा आपसातला दावा नंतरही चालू शकतो.

पण हे सर्टिफिकेट मिळतं फक्त येणी आणि रोख्यांसाठी. लॉकरमधला सोन्याचा हार हे कोणाचं देणं नाही. बँकेने तिजोरीची जागा भाड्याने दिलेली असते, आत काय आहे ते तिला ठाऊकही नसतं. त्यामुळे दागिन्यांसाठी सक्सेशन सर्टिफिकेट मागणारी शाखा आणि तेच आणायला धावणारा वारस, दोघेही चुकीच्या दारात उभे असतात.

जुन्या मुंबई इलाख्यात यासाठी आधीपासूनच एक कागद होता. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, 1827 च्या आठव्या रेग्युलेशनने वारसाला न्यायालयाकडून औपचारिक मान्यता घेण्याची सोय केली. अर्ज आला की न्यायालय जाहीरनामा काढतं, एक महिन्यात हरकती मागवतं आणि हरकत नसेल तर दाखला देतं. महाराष्ट्रात आजही दिवाणी न्यायालयातून मिळणारं हेअरशिप सर्टिफिकेट ते हेच. त्याला येण्यांची चौकट नाही. तलाठ्याकडची वारस नोंद मात्र याहून वेगळी. ती सातबाऱ्याच्या फेरफारासाठी असते. तिच्या जोरावर मुदत ठेव सुटत नाही, हे अनेकांना खिडकीपाशी पोचल्यावरच कळतं.

बँक खात्याला नामनिर्देशनाची कायदेशीर सोय आली ती बरीच उशिरा, 1985 मध्ये. बँकिंग नियमन कायद्यात ठेवींसाठी 45झेडए आणि लॉकरसाठी 45झेडई ही कलमं आली. नॉमिनीला पैसे दिले की बँक सुटते, पण नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुढे सांगितलं. नॉमिनीच नसेल तर गाडी पुन्हा वारसांवर येते, आणि आपलं पत्र लागतं ते इथेच.

इथे 2005 हे वर्ष महत्त्वाचं. लहानसहान रकमेसाठीही कोर्टात पाठवण्याची सवय मोडावी म्हणून रिझर्व्ह बँकेने त्या जूनमध्ये बँकांना सांगितलं की, नॉमिनी नसेल तर आपापली मर्यादा ठरवा आणि तिच्या आत इंडेम्निटी बाँडवर, म्हणजे पुढे नुकसान झालं तर भरून देऊ अशा लेखी हमीवर, दावा निकाली काढा. पण मर्यादा ज्या त्या बँकेची, त्यामुळे एकाच गल्लीत दोन नियम. सप्टेंबर 2025 च्या निर्देशांनी किमान पातळी बांधून दिली: सहकारी बँकांत 5 लाख, इतर बँकांत 15 लाख. बँक याहून जास्त ठेवू शकते, कमी नाही. अंमलबजावणीसाठी 31 मार्च 2026 पर्यंतची मुदत होती.

एक काल्पनिक कुटुंब घेऊ. हिंदू गृहस्थ वारले, मृत्युपत्र नाही, नॉमिनी कुठेच नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत बचत खात्यात 2,10,000 आणि मुदत ठेवीत 8,00,000, म्हणजे 10,10,000 रुपये. त्याच शाखेत लॉकर. शिवाय नागरी सहकारी बँकेत 7,00,000 ची ठेव. मोठी रक्कम सोपी निघते, कारण ती 15 लाखांच्या आत आहे. तिथे दाव्याचा नमुना, मृत्यू दाखला, ओळखीचे कागद, बाँड आणि पैसे न घेणाऱ्या वारसांची ना-हरकत पत्रं यांवर काम होतं. 7 लाखांची ठेव मात्र 5 च्या वर आहे, त्यामुळे सहकारी बँक सक्सेशन सर्टिफिकेट मागू शकते.

पत्रात सर्वाधिक चुकतं ते वारसांच्या यादीत. बायको, मुलगा, मुलगी एवढीच नावं लिहिली जातात आणि गृहस्थांची हयात आई राहून जाते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात आई पहिल्या वर्गाची वारस आहे, वडील नाहीत. आधी वारलेला मुलगा असेल तर त्याची विधवा आणि मुलंही येतात. एक नाव सुटलं की बाँड, प्रतिज्ञापत्र आणि ना-हरकत सगळंच पुन्हा करावं लागतं. सर्टिफिकेटच्या अर्जातली मोठी चूक दुसरी: एखाद्या ठेवीचा क्रमांक राहतो. सर्टिफिकेट त्यात नोंदलेल्या येण्यांपुरतंच चालतं. राहिलेल्या ठेवीसाठी ते कलम 376 खाली वाढवून घ्यावं लागतं, म्हणून अर्जापूर्वी बँकेकडून सगळ्या खात्यांची लेखी यादी घ्यावी.

लॉकरसाठी वेगळं पत्र द्यावं. त्यात लॉकर क्रमांक, किल्ली कोणाकडे आहे, सर्व वारसांची नावं आणि ‘सर्वांसमक्ष लॉकर उघडून वस्तूंची यादी करावी’ ही विनंती हवी. वाद नसेल तर न्यायालयाच्या दाखल्याशिवायही काम होऊ शकतं. रकमेची मर्यादा इथे लावायची कशाला? आतल्या वस्तूंची किंमत बँकेला माहीतच नसते. यादी दावेदार, बँकेचा अधिकारी आणि दोन स्वतंत्र साक्षीदार यांच्यासमोर होते. सीलबंद पुडकं आत मिळालं तर ते फोडण्याची गरज नसते. किल्ली हरवलेली असेल तर पत्रातच लिहावं, कारण कुलूप तोडायला माणूस बोलवावा लागतो.

दोन्ही पत्रांवर तारखेसह पोच घ्यावी. ठेवीचा दावा निकाली काढायला आणि लॉकरच्या यादीची तारीख कळवायला बँकेला 15 दिवस मिळतात, पण ते मोजले जातात सर्व कागद पोचल्यापासून. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर ठेवीवर रिझर्व्ह बँकेने ठरवलेला बँक रेट अधिक 4 टक्के या दराने, आणि लॉकरसाठी दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. पोच नसेल तर हा हिशेब सुरूच होत नाही.