बीओडीचं वाक्य सगळ्यांचं सारखंच का असतं?

समजा, कोल्हापुरातली एक विद्यार्थिनी पंचगंगेच्या पाण्याच्या प्रदूषणावर प्रबंध लिहिते आहे. ती बीओडी मोजते, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन वापरतात ते. प्रबंध इतरांच्या लेखनाशी किती जुळतो हे दाखवणाऱ्या साम्य तपासणीच्या अहवालात तिच्या ‘पद्धती’ प्रकरणातलं बीओडीचं वाक्य लाल रंगात येतं: बाटली पाण्याने काठोकाठ भरली, हवेचा बुडबुडा राहू दिला नाही, झाकण लावून अंधारात ठरावीक तापमानाला ठेवली आणि आधीचा व नंतरचा विरघळलेला ऑक्सिजन मोजला.

हे वाक्य आणखी कसं लिहिणार? बुडबुडा राहिला तर त्यातला ऑक्सिजन पाण्यात उतरतो. उजेड असेल तर शेवाळ ऑक्सिजन तयार करतं. दोन्ही वेळा आकडा फसवतो, म्हणून कृती ठरलेली आहे आणि तिचे शब्दही. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य वगळलं आहे. पण पद्धतीचं वाक्य सहज त्यापलीकडे जातं.

मग घाबरून लोक शब्द फिरवतात. ऑक्सिजन मोजण्यासाठी ‘टायट्रेशन केलं’ याऐवजी ‘मिसळलं’ लिहितात. साम्याचा टक्का उतरतो, पण टायट्रेशनमध्ये थायोसल्फेट थेंबाथेंबाने घालून स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत मोजायचं असतं, ते त्या वाक्यातून निघून जातं. माझ्या मते हे जसंच्या तसं वाक्य ठेवण्यापेक्षा वाईट आहे.

खरा धोका वेगळा आहे. परदेशी शोधनिबंधांत बीओडी बहुधा 20 अंश सेल्सिअसला पाच दिवस ठेवून मोजतात. भारतीय मानक आयएस 3025, भाग 44 मध्ये 27 अंशांना तीन दिवस ठेवायचं असतं. हिने प्रयोगशाळेत तीन दिवस ठेवलं आणि वाक्य मात्र पाच दिवसांचं उचललं, तर तिचे आकडे वाचणाऱ्याला चुकीच्या मापाने कळतील. साम्याचा टक्का ही चूक दाखवत नाही. ती प्रयोगवहीशी ताडूनच सापडते.

म्हणून सरळ लिहावं: ‘बीओडी आयएस 3025, भाग 44 नुसार, 27 अंशांना तीन दिवस ठेवून मोजला.’ संदर्भ द्यावा आणि पुस्तकातली कृती पुन्हा उतरवू नये. वाचलेली जागा स्वतःच्या तपशिलाला द्यावी: नमुना राजाराम बंधाऱ्यापाशी घेतला की घाटावर, किती वाजता, किती पट पातळ केला, मानकापेक्षा काय वेगळं केलं. स्वतःच्याच आधीच्या निबंधातली पद्धत असेल तर तसं सांगून त्याचाही संदर्भ द्यावा. तरीही साम्य उरलं तर मार्गदर्शकांसोबत अहवाल एकेक जुळणी पाहत वाचावा आणि कोणतं वाक्य मानक कृतीचं आहे ते लेखी नोंदवावं. अक्षरं बदलून किंवा मजकूर चित्र म्हणून चिकटवून तपासणी चुकवणं ही लबाडीच आहे.

अहवाल वाचताना मी आधी नमुने घेतल्याचा परिच्छेद पाहीन. जागा, वेळ, हवामान, नदीची पातळी हे त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या माणसालाच माहीत असतं. बीओडीची कृती जुळली तर कारण समजतं. पण हा परिच्छेद दुसऱ्याच्या प्रबंधाशी शब्दशः जुळला, तर नमुने खरंच घेतले होते का, हे विचारावं लागेल.