स्कॅटरवरचे तीन पुंजके आणि लिम्फोसाइट गेटची गोष्ट

आज फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशी एकेक करून लेझरसमोरून नेणाऱ्या यंत्रावर, नवीन शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतात, एफएससी-एसएससी म्हणजे पुढच्या आणि बाजूच्या स्कॅटरचा प्लॉट उघड, खाली डावीकडचा घट्ट पुंजका लिम्फोसाइट, त्याच्या जरा वर-उजवीकडे मोनोसाइट आणि वर पसरलेला मोठा ढग ग्रॅन्युलोसाइटचा. पण हे मुळात कुणाला दिसलं? अमेरिकेतल्या लॉस अलामॉसमध्ये, जिथे अणुबॉम्ब बनला त्याच लॅबमध्ये. तिथल्या गॅरी साल्झमन वगैरे मंडळींनी १९७५ मध्ये दाखवलं की पेशी रंगवायचीही गरज नाही, लेझरसमोरून जाताना पुढे किती प्रकाश फेकते (ढोबळमानाने आकार) आणि काटकोनात किती (आतले दाणे, न्यूक्लियसची ठेवण) एवढ्यावर पांढऱ्या पेशींचे तीन गट पडतात. न्यूट्रोफिल दाण्यांनी भरलेला, म्हणून तो वर जातो.

१९८० मध्ये हॉफमन आणि कुंग यांच्या टीमने हे टी-सेल, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, मोजायला वापरलं. रक्तात टी-सेलला चिकटणारी, चमकणारा रंग लावलेली अँटीबॉडी घाल, लाल पेशी फोड, स्कॅटरवर लिम्फोसाइटभोवती गेट म्हणजे हद्द मार आणि आतले चमकणारे मोज, म्हणजे आधी लिम्फोसाइट वेगळे काढायची कटकटच गेली.

खरी पंचाईत एचआयव्हीच्या काळात झाली, कारण सीडी४ चा, म्हणजे एचआयव्ही ज्या टी-सेल मारतो त्यांच्यावरच्या खुणेचा, टक्का गेटमधल्या एकूण इव्हेंटवर, म्हणजे यंत्राने टिपलेल्या कणांवर काढतात आणि ते सगळे लिम्फोसाइट असतीलच असं नाही. समजा गेटमध्ये २५०० इव्हेंट आले, त्यातले ८०० सीडी४ पॉझिटिव्ह, तर उत्तर ३२ टक्के. पण ५०० इव्हेंट न फुटलेल्या लाल पेशी आणि कचरा असतील तर खरे लिम्फोसाइट २०००, आणि खरा आकडा ४० टक्के! शिवाय मोनोसाइटवरही थोडा सीडी४ असतो, त्यामुळे गेट त्यांच्याकडे सरकला की मंद चमकणारी एक शेपटी दिसते, ती बघून ओळखायचं. गेट फार आवळला तर मोठे लिम्फोसाइट बाहेर राहतात, ती वेगळीच चूक.

म्हणून मग बॅकगेटिंग आलं. १९९० च्या सुमारास लोकेन वगैरेंनी सीडी४५ ही पांढऱ्या पेशींवरची खूण आणि सीडी१४ ही मोनोसाइटवरची, यांची एक वेगळी ट्यूब लावून तपासायची पद्धत मांडली: सीडी४५ झगझगीत आणि सीडी१४ नाही ते लिम्फोसाइट, सीडी१४ भरपूर ते मोनोसाइट, सीडी४५ जरा कमी ते ग्रॅन्युलोसाइट. हे स्कॅटरवर परत टाकून बघायचं की आपल्या गेटमध्ये कोण घुसलंय आणि कोण बाहेर राहिलंय. पण ती तपासणी एका ट्यूबमध्ये आणि मोजणी दुसऱ्या ट्यूबमध्ये, हे काही पटण्यासारखं नव्हतंच. नव्वदच्या दशकात तीन-चार रंग सोपे झाल्यावर सीडी४५ प्रत्येक ट्यूबमध्येच घालायला लागले आणि गेट थेट सीडी४५-साइड स्कॅटरवर मारायला लागले. लाल पेशींवर सीडी४५ नसतो, त्यामुळे तो कचरा आपोआप बाजूला पडतो.

नुसत्या स्कॅटरची मर्यादा मी स्वतः पाहिलीय, रात्रभर राहिलेल्या सॅम्पलमध्ये ग्रॅन्युलोसाइट मरायला लागून त्यांचा ढग चक्क खाली लिम्फोसाइटकडे उतरला होता, आणि ताज्या रक्तावर सेट केलेला गेट मी तसाच ठेवला होता.