शवासनात बोलायचं किती, थांबायचं किती

हर्णै बंदराजवळच्या वाडीत मी सकाळचा योगवर्ग घेते. पहिल्याच आठवड्यात शवासनात मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "मिटल्या डोळ्यांपुढे निळाशार समुद्र आणा. लाटा येताहेत, जाताहेत..." कोपऱ्यातल्या एक काकू डोळे उघडून छताकडे बघत राहिल्या. वर्ग संपल्यावर म्हणाल्या, "बाई, समुद्र म्हटला की होडी आठवते. ह्यांची कालपासून दर्यात आहे."

पुण्याहून दोन दिवस आलेल्या माणसाला समुद्र म्हणजे सुट्टी, आणि काकूंना तो काळजी. शब्द कानावर पडला की त्याला चिकटलेल्या आठवणी जाग्या होतात. त्या काळजीच्या असतील तर झोपल्या जागी छातीचे ठोके वाढतात, श्वास वर चढतो. मग मी समुद्राऐवजी कौलांवरचा पाऊस घेतला. (कौलं गळत असतील त्या घराला तोही नको!) शेवटी चित्रं काढूनच टाकली आणि जे सगळ्यांच्या अंगाला लागतं तेवढंच ठेवलं: पाठीखालच्या कोब्याचा गारवा, टाचांचा भार, नाकातून येणारी हवा.

दुसरी चूक 'नका'ची होती. "हलू नका, विचार करू नका." डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं 1987 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलं होतं, आणि अस्वल पुन्हा पुन्हा मनात येतच राहिलं. एखादी गोष्ट टाळायची तर ती आली का, हे मनाला सतत तपासावं लागतं. म्हणून आता मी "विचार येतील, जातील" एवढंच म्हणते. "हात ढिला सोडा" या हुकुमाऐवजी "हात जड होतोय" हे मला बरं वाटतं. सोडायचा म्हणजे काही तरी करायचं, आणि करायला गेलं की माणूस खांदे आवळतो.

खरी अडचण मात्र वेगाची. माझ्या संहितेत चौदा थांबे आहेत: उजव्या हाताचा अंगठा, बोटं, तळवा, मनगट असे पुढे जबड्यापर्यंत. एक वाक्य साधारण 4 सेकंदांचं. त्यानंतर ऐकणाऱ्याचे दोन श्वास जाऊ द्यायचे. पडून असलेला माणूस मिनिटाला बारा ते पंधरा श्वास घेतो, म्हणजे दोन श्वासांना 8 ते 10 सेकंद. एका थांब्याला 14 सेकंद धरले तर चौदा थांब्यांना सव्वातीन मिनिटं लागायला हवीत. मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड केलं तेव्हा मी ते सव्वा मिनिटात उरकत होते. बोलणाऱ्याला शांतता लांबलचक वाटते, कारण त्याला पुढचं वाक्य टोचत असतं. उपाय सोपा: वाक्य संपलं की आपणच दोन श्वास मोजायचे. कागदावर ते असं दिसतं:

"उजव्या हाताचा अंगठा... (दोन श्वास) तळवा उमलतोय... (दोन श्वास) मनगट जमिनीवर निवांत... (तीन श्वास)"

श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. त्यामुळे "जड", "निवांत" हे शब्द मी माझा श्वास बाहेर जाताना, वाक्याच्या शेवटी, सूर खाली नेत म्हणते. बारा जणांचे श्वास काही एका तालात नसतात, तेव्हा प्रत्येकाला ते जुळेल असं नाही. पण माझा आवाज तरी घाईचा राहत नाही.

आवाजाचंही बघावं लागतं. म, न, ल, व ही अक्षरं हलकी वाहतात. प आणि फ माइकवर धपकन आदळतात, आणि स, श सुसाटतात. म्हणून "श्वास" टाळायचा का? छे! माइक तोंडासमोर न धरता थोडा बाजूला धरला की पुरतं. "शिथिलीकरण" मात्र मी हद्दपार केलं. तो शब्द ऐकून आमच्याकडे कुणी सैल झालेलं मी पाहिलेलं नाही.

संहिता लागू पडतेय का, हे पायांवरून कळतं. चवडे आपोआप बाहेरच्या बाजूला कलतात, ओठ जरासे विलग होतात. उलट पापण्या थरथरत असतील, मूठ वळलेली असेल, तर आणखी बोलत बसू नये. काहींना सैल पडल्यावरच घाबरं होतं. अशांना डोळे उघडे ठेवून, हवं तर भिंतीला टेकून बसू द्यायचं. काकू महिनाभर तशाच बसल्या.

उठवतानाही घाई नको. पडलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी बोटं हलवा, मग कुशीवर वळा, मग हाताचा आधार घेऊन बसा. एवढ्याला मी पूर्ण दोन मिनिटं देते, बाहेर मासळीच्या टेम्पोचा हॉर्न वाजत असला तरी.