जागा बदलणं आणि जागा धरणं: आयाक्सच्या दोन फायनल

३१ मे १९७२ ला रॉटरडॅममध्ये नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबने इंटर मिलानला २-० ने हरवून युरोपियन कप जिंकला. २४ मे १९९५ ला व्हिएन्नात त्याच आयाक्सने एसी मिलानला १-० ने हरवून तोच करंडक पुन्हा उचलला. क्लब एकच आणि समोरचे दोन्ही संघही एकाच शहरातले, सान सिरो हे एकच मैदान वापरणारे. त्यामुळे दोन्ही विजयांवर ‘टोटल फुटबॉल’, म्हणजे खेळाडूंनी एकमेकांच्या जागा घेत खेळायचं, अशी एकच चिठ्ठी चिकटवली जाते. मला ती चिठ्ठी चुकीची वाटते. पहिल्या संघाचे खेळाडू सतत जागा बदलत होते, दुसऱ्याचे आपापली जागा हट्टाने धरून होते. दोघांची बुद्धी एकाच घराण्यातली, पण समोर आलेलं कोडं वेगळं होतं.

आधी जुनी व्यवस्था. विसाव्या शतकाच्या मध्याला खेळाडूच्या पाठीवरचा नंबर म्हणजे त्याच्या नोकरीचं पद असे. नऊ नंबरवाला सेंटर फॉरवर्ड, आणि त्याच्या अंगावर पाच नंबरचा सेंटर हाफ. ही जोडी मैदानात कुठे भेटणार, हे सामन्याआधीच ठरलेलं. नोव्हेंबर १९५३ मध्ये वेम्बलीवर हंगेरीच्या नांदोर हिदेगकुटीने हा करार मोडला. पाठीवर नऊ नंबर घेऊन तो मागे, मधल्या फळीत जाऊन उभा राहिला. इंग्लंडच्या हॅरी जॉन्स्टनला कळेना, त्याच्या मागे जावं की आपली जागा सांभाळावी. मागे गेला तर गोलसमोर भगदाड, थांबला तर हिदेगकुटी मोकळा. हंगेरी ६-३ ने जिंकली आणि त्यातले तीन गोल हिदेगकुटीचे होते.

पण तिथे करार मुख्यतः एकाच माणसाने मोडला होता. १९६५ मध्ये आयाक्सचा प्रशिक्षक झालेल्या रिनस मिखेल्सने आणि १९७१ मध्ये त्याच्या जागी आलेल्या श्टेफान कोवाचने तो अख्ख्या संघाला मोडायला लावला. त्याची पद्धत मात्र समजून घ्यायला हवी, कारण ‘सगळे सगळीकडे पळतात’ हे त्याचं सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत चुकीचं वर्णन आहे.

उजवी बाजू घ्या. मागे विम सुरबीर हा राइट बॅक, त्याच्यापुढे मधल्या फळीतला एक जण, आणि सर्वांत पुढे विंगर. हे तिघे एका उभ्या रेषेत. सुरबीर चेंडू घेऊन पुढे धावला की मधला किंवा विंगर मागे सरकून त्याची जागा घेणार. डावीकडे रुड क्रोल, गेरी म्युरेन आणि पीट काइझर यांचं तेच. अदलाबदल बहुतेक वेळा या उभ्या रेषेतच होत असे. डावा बॅक उगाच उजव्या कोपऱ्यात जाऊन बसत नसे. आपल्याकडे खो-खो खेळलेल्याला हे लगेच कळेल. पाठलाग करणारा खो देतो, बसलेला उठून पळतो, आणि खो देणारा त्याच्याच चौकोनात बसतो. माणूस बदलतो, पण चौकोन रिकामा राहत नाही. मिखेल्सच्या आयाक्समध्येही जागा होत्याच. त्यांच्यावर कुणाची कायमची मालकी नव्हती, एवढंच.

याचा फायदा काय, हे इंटरकडे पाहिल्यावर दिसतं. इटलीतला तेव्हाचा बचाव म्हणजे कतेनाच्चो. प्रत्येक बचावपटूला एक माणूस नेमून दिलेला, तो जाईल तिथे सावलीसारखं जायचं, आणि सर्वांच्या मागे लिबेरो म्हणून एक मोकळा खेळाडू, चुका निस्तरायला. अशा बचावाची ताकद आणि दुखणं एकच: बचावाची रचना ठरवणारा प्रतिस्पर्धी असतो. आयाक्सचा विंगर मागे गेला की इंटरचा बॅक त्याच्या मागे खेचला जातो, आणि त्या रिकाम्या गल्लीतून सुरबीर वर येतो. सुरबीरला पकडायचं काम कुणाचं? कागदावर ते इंटरच्या विंगरचं, आणि आपल्याच गोलपर्यंत मागे धावत येण्याची त्याला सवय नसते. रॉटरडॅममधला पहिला गोल असाच आला. बॅक असलेल्या सुरबीरने उजवीकडून चेंडू आत टाकला, इंटरचा गोलरक्षक बॉर्डन आणि त्याचाच एक बचावपटू एकमेकांवर आदळले, आणि योहान क्रायफने रिकाम्या गोलमध्ये चेंडू ढकलला. दुसरा गोलही क्रायफचाच, हेडरने.

चेंडू नसतानाची बाजूही याच खेळाचा भाग होती. चेंडू गेला की मागे न पळता पुढे पळायचं, चार-पाच जणांनी चेंडूवाल्याला घेरायचं, आणि मागची फळी अर्ध्या रेषेपर्यंत वर ओढून सगळ्यांना ऑफसाइड पाडायचं. १९७४ च्या विश्वचषकात हॅनोव्हरला उरुग्वेविरुद्ध मिखेल्सच्याच नेदरलँड्सने हे केलं, तेव्हा उरुग्वेचे खेळाडू अक्षरशः थव्यात सापडल्यासारखे दिसतात. त्या काळचा नियमही मदतीला होता. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत असलेला खेळाडू तेव्हा ऑफसाइड धरला जाई, रेषेत असण्याची सूट १९९० मध्ये मिळाली. एक पाऊल पुढे टाकून माणूस ऑफसाइड पाडणं तेव्हा आजच्यापेक्षा सोपं होतं.

मग हे बिघडतं कुठे? त्याच विश्वचषकाच्या फायनलमध्ये, ७ जुलै १९७४, म्युनिक. पहिल्याच मिनिटाला क्रायफ इतका मागे आला की गोलरक्षक सोडला तर तोच जवळजवळ सर्वांत मागचा डच खेळाडू होता. तिथून चेंडू घेऊन तो निघाला, पश्चिम जर्मनीने त्याच्यावर नेमलेल्या बेर्टी फोग्ट्सला चुकवून पेनल्टी क्षेत्रात घुसला, हनेसने त्याला पाडलं, आणि नेस्केन्सने पेनल्टी मारली. पश्चिम जर्मनीचा पहिला स्पर्श चेंडूला झाला तो जाळ्यातून काढताना. पण पुढे फोग्ट्सपासून सुटायला क्रायफ मागेच रेंगाळू लागला, आणि त्याने सोडलेली पुढची मधली जागा कुणी नीट भरली नाही. खो दिला, पण चौकोनात कुणी बसलंच नाही. जर्मनी २-१ ने जिंकली. अशा सामन्याची टेप पाहताना क्रायफवरची नजर मुद्दाम काढून समोरच्या गोलपुढे कोण उभा आहे ते पाहावं. बराच वेळ तिथे कुणी नसेल तर अदलाबदल फसली, हे स्कोअर न पाहताही कळतं.

आता १९९५. मधल्या वीस वर्षांत बचावच बदलला होता, आणि तो बदलण्यात मोठा वाटा एसी मिलानचाच. आरिगो साक्कीच्या मिलानने १९८९ आणि १९९० मध्ये युरोपियन कप जिंकला तो माणसाच्या मागे न धावता. चार बचावपटू आणि चार मधले अशा दोन ओळी एकमेकींना चिकटून सरकत. प्रत्येकाकडे माणूस नाही, तर पट्टा. समोरचा विंगर मागे गेला तर जाऊ दे, त्याला पुढचा सहकारी बघेल. त्याच्यानंतरचा प्रशिक्षक फाबियो कापेलोनेही हाच पाया पुढे चालवला.

या भिंतीसमोर मिखेल्सची युक्ती चालवून पाहा. राइट बॅक पुढे, विंगर मागे. मिलानच्या बचावपटूला काय फरक पडतो? त्याच्या पट्ट्यात काल एक होता, आज दुसरा. तो कुणाच्या मागे खेचला जात नाही, म्हणून भगदाड पडत नाही. उलट आयाक्सचेच दोन खेळाडू फुकट धावून दमतात, आणि मध्येच चेंडू गेला तर विस्कटलेले सापडतात.

म्हणून १९९५ च्या आयाक्सचा प्रशिक्षक लुई व्हॅन गालने उलटं केलं. मागे तीन, रायझिगर, ब्लिंड आणि फ्रांक डी बूर. मध्ये चौघांचा हिरा: तळाशी रायकार्ड, बाजूंना सीडॉर्फ आणि डाव्हिड्स, टोकाला लिटमानेन. पुढे रोनाल्ड डी बूर, आणि दोन्ही कडांना फिनिडी जॉर्ज व ओव्हरमार्स. या दोन विंगर्सचं पहिलं काम म्हणजे बाजूच्या रेषेला बूट टेकवून उभं राहणं. चेंडू आला नाही तरी, पाच मिनिटं आला नाही तरी. कंटाळवाणी नोकरी आहे, पण हिशेब साधा आहे. मैदान साधारण ६८ मीटर रुंद. चार बचावपटू दोन्ही कडा सांभाळू लागले तर त्यांच्यातल्या फटी रुंदावतात, आणि फटी बुजवायला आत आले तर विंगर मोकळा. माणसाला खेचता येत नसेल तर ओळ ताणायची. पळायचं काम चेंडूने करायचं, खेळाडूने पाच-दहा मीटर इकडे-तिकडे सरकून पास घेण्याजोगा कोन द्यायचा. चेंडू गेलाच तर प्रत्येक जण आपल्या जागी असतो, त्यामुळे घेराव लगेच पडतो. १९७२ चा घेराव दमाच्या जोरावर, १९९५ चा अंतरांच्या जोरावर.

टेपवर फरक ओळखायची माझी एक सवय आहे. राइट बॅक पुढे गेलेला दिसला की चित्र थांबवायचं आणि विंगर शोधायचा. तो मागे बॅकच्या जागी सापडला तर आपण मिखेल्सच्या घरात आहोत. तो अजून रेषेवरच उभा असेल आणि बॅक आतल्या बाजूने चाललेला असेल तर व्हॅन गालच्या.

या पद्धतीचं दुखणंही वेगळं. जागा सगळ्यांनी धरल्या आणि लय मंदावली की चेंडू कडेकडेने घोड्याच्या नालेसारखा फिरत राहतो, भिंतीच्या आत जातच नाही. व्हिएन्नातली फायनल खरं सांगायचं तर बराच वेळ तशीच होती. जे लोक ‘टोटल फुटबॉल’ बघायला म्हणून तो सामना लावतात ते अर्ध्या तासात जांभया देतात. गोल झाला ८५ व्या मिनिटाला. बदली म्हणून आलेल्या अठरा वर्षांच्या पॅट्रिक क्लायव्हर्टला पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी पास मिळाला, आणि तोल जाता जाता त्याने बुटाच्या टोकाने चेंडू आत ढकलला.

तो पास देणारा रायकार्ड होता. साक्कीच्या त्या मिलानमध्ये तो बारेसी, माल्दिनी आणि कोस्ताकुर्ता यांच्या बरोबर खेळला होता. १९९० च्या फायनलमध्ये बेन्फिकाविरुद्ध मिलानचा एकमेव गोल त्यानेच मारला होता, व्हिएन्नाच्या याच मैदानावर. १९९५ मध्ये ते तिघे त्याच्यासमोर त्याच ओळीत उभे होते.