श्रुतलेखनाच्या श्रेणीबद्ध शब्दयाद्या

शिक्षकाने उच्चारलेला शब्द ऐकून विद्यार्थ्याने लिहायचा आणि त्यावरून त्याच्या लेखनाची पारख करायची, यासाठी प्राथमिक वर्गांत वापरल्या जाणाऱ्या, सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या शब्दांच्या याद्या व त्यांचे गुणांकन. पाहून लिहिणे (अनुलेखन) हा याहून वेगळा प्रकार होय. शाळेत मात्र दोहोंना ‘शुद्धलेखन’च म्हणतात. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील मराठी शाळांच्या पहिली ते चौथीच्या वर्गांचा विचार केला आहे.

या प्रकाराचा उगम कोठे, याविषयी दोन प्रकारे विचार करता येतो. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरवणे, कित्ता वळवणे आणि पुढे पत्रे व हिशेब लिहिणे असा क्रम असे. सांगितलेला मजकूर उतरवून घेणे हा तर कारकुनीचा पायाच होता. त्यामुळे श्रुतलेखन हे त्याच परंपरेतले मानता येते. दुसऱ्या बाजूने पाहता, शब्द एकेक करून सांगणे, चुका मोजणे आणि त्यावर उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवणे ही रीत एकोणिसाव्या शतकातील सरकारी शाळातपासणीशी जुळते. इंग्लंडमध्ये १८६२ साली लागू झालेल्या सुधारित शिक्षणसंहितेत इयत्तावार श्रुतलेखन होते आणि मुंबई इलाख्यातही त्यानंतर परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. यांपैकी दुसरा विचार अधिक ग्राह्य वाटतो, आणि त्याचे कारण लिपीत आहे. पंतोजींच्या शाळेतील व्यवहाराची लिपी मोडी होती. मोडीत इकाराला एक आणि उकाराला एक अशीच खूण सामान्यतः वापरत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तेथे लिहिलाच जात नसल्याने त्याची चूक धरण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. आज श्रुतलेखनात सर्वाधिक गुण ज्या चुकांनी जातात त्या छापील बाळबोध लिपीबरोबर आल्या. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण (१८३६) आणि मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेली शालेय पुस्तके यांतून लेखनाचे एक वळण स्थिरावत गेले, आणि ते वळण हीच पुढे मोजपट्टी झाली.

ही मोजपट्टी पुढेही बदलली. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनविषयक १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. त्यापूर्वीच्या याद्यांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’ (एकवचनी) असे उच्चारात नसलेले अनुस्वार बरोबर धरलेले आढळतात, तसेच ‘कवि’, ‘गुरु’ ही संस्कृतातील ऱ्हस्वान्त रूपे. आज ‘नाव’, ‘काही’, ‘घरात’, ‘कवी’, ‘गुरू’ हीच प्रमाण आहेत. मात्र समासाच्या पूर्वपदी मूळचा ऱ्हस्व टिकतो : कविसंमेलन, गुरुकुल. जुनी यादी न तपासता वापरली तर मुलाने बरोबर लिहिलेले चूक ठरते.

मराठीत या याद्यांची श्रेणी लावताना शब्दाची लांबी हा निकष पुरेसा नाही. ‘मगर’, ‘करवत’ हे शब्द ‘दिन’ किंवा ‘ऋषी’ या शब्दांपेक्षा लांब असूनही सोपे आहेत. खरा निकष असा, की ऐकलेल्या उच्चारावरून लेखन किती ठरते आणि किती ठरत नाही. आजच्या बोलण्यात इ-ई आणि उ-ऊ यांचा भेद बहुधा स्थानावर अवलंबून असतो. तो कानाने ओळखून लिहिता येईल इतका स्थिर नाही. श आणि ष यांचे उच्चार बहुतेकांच्या तोंडी एकच झाले आहेत. ऋ हा ‘रु’सारखा ऐकू येतो. शब्दाच्या मधल्या अक्षरातील अ पुष्कळदा गळतो, म्हणून ‘चमकतो’ हे कानाला ‘चमक्तो’ असे लागते. असे शब्द लिहिताना कानाबरोबर नियम किंवा पाहिलेल्या रूपाची आठवण लागते. यासाठी यादीचे टप्पे पुढील क्रमाने लावणे उचित ठरते.

पहिल्या टप्प्यात खूण नसलेले शब्द येतात : घर, नळ, बदक, मगर. येथे एक बंधन असते. शब्दातील प्रत्येक अक्षर वर्गात शिकवून झालेले हवे. ‘ग म भ न’ या क्रमाने शिकणाऱ्या मुलांना दुसऱ्याच आठवड्यात ‘झबलं’ सांगितले तर त्यातून काहीच कळत नाही. दुसऱ्या टप्प्यात काना, मात्रा व त्यांच्या जोड्या : काका, मेघ, मोर, बैल, चौकट. येथवर कान आणि लेखन यांची जवळजवळ पूर्ण जुळणी असते, म्हणून या टप्प्यांवरील चूक ही ऐकण्याची किंवा अक्षरओळखीची चूक समजावी.

तिसरा टप्पा वेलांटी व उकार यांचा. शाळेच्या भाषेत पहिली वेलांटी म्हणजे ऱ्हस्व आणि दुसरी म्हणजे दीर्घ. नियमाने सुटणारे शब्द आधी घ्यावेत. शब्दाच्या शेवटची वेलांटी किंवा उकार दीर्घ असतो : पाटी, वाटी, पिसू, लाडू. (‘आणि’ व ‘नि’ ही अव्यये अपवाद.) शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीचा इकार-उकार मराठी शब्दांत दीर्घ : खीर, गरीब, फूल, सून. शेवटचे अक्षर दीर्घस्वरान्त असेल तर आधीचा ऱ्हस्व : दिवा, किडा, विळी. मंदिर, गुण, विष, नीती, पूजा असे तत्सम, म्हणजे संस्कृतातून आलेले, शब्द या नियमांबाहेरचे आहेत. ते याच यादीत मिसळले की मुलाच्या हाती नियम लागत नाही, म्हणून त्यांची यादी स्वतंत्र व नंतर ठेवावी.

चौथ्या टप्प्यात अनुस्वार, पाचव्यात जोडाक्षरे (आधी ‘गप्पा’, ‘चक्कर’ अशी एकाच अक्षराची, मग ‘पुस्तक’, ‘गोष्ट’, मग रफार) आणि सहाव्यात सामान्यरूपे : फूल–फुलाला, वकील–वकिलाने, लाकूड–लाकडाचा. सामान्यरूपात उपान्त्य दीर्घ स्वर बहुधा ऱ्हस्व होतो किंवा त्याच्या जागी अ येतो. ‘शरीर–शरीरात’ अशा तत्सम शब्दांत तो बदलत नाही. ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांचा भेदही पाचव्या टप्प्यात येतो. ‘दऱ्या’ (दरी या शब्दाचे अनेकवचन) आणि ‘दर्या’ (समुद्र) ही जोडी त्यासाठी उत्तम. हा भेद मात्र कानाला स्पष्ट कळतो. ‘दर्या’ म्हणताना आधीच्या अक्षरावर आघात येतो, ‘दऱ्या’ म्हणताना येत नाही.

शब्द सांगण्याची रीत गुणांवर थेट परिणाम करते. शब्द एकदा म्हणावा, वाक्यात योजून दाखवावा, पुन्हा म्हणावा आणि मुलांची लेखणी थांबेपर्यंत पुढे जाऊ नये. दिन–दीन, शिर–शीर, सुत–सूत अशा जोड्या वाक्याशिवाय सांगणे म्हणजे अंदाज करायला लावणे होय. उच्चार नेहमीच्या बोलण्यातला ठेवावा. अनेक शिक्षक मदत म्हणून ‘न–दीऽऽ’ असे लांबवतात किंवा ‘च–म–क–तो’ असे तोडून सांगतात. त्याने गुण वाढतात, पण मोजली जाते ती शिक्षकाची खूण ओळखण्याची शक्ती. हे घडले की नाही हे सहज ओळखता येते : तोच शब्द मुलाच्या स्वतःच्या निबंधात चुकीचा आढळतो.

पहिलीत पाच आणि त्यापुढे दहा शब्द एका वेळी पुरतात. दहांपैकी सात शिकवलेले आणि तीन त्याच प्रकारचे पण नवे ठेवल्यास पाठांतर आणि नियमाचे ज्ञान वेगळे दिसते.

गुणांकनाची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे शब्दाला एक गुण, कोणतीही चूक असल्यास शून्य. ती तपासायला सोपी, पण निदानाला निरुपयोगी आहे. तिसरीच्या एका यादीचे उदाहरण घेऊ : नदी, फूल, विहीर, दिवा, पंखा, चमकतो, गोष्ट, सूर्य, दुसऱ्या, फुलांचा. समजा मुलाने लिहिले : नदि, फुल, विहिर, दीवा, पंखा, चमक्तो, गोश्ट, सुर्य, दुसर्या, फूलांचा. सरळ रीतीने त्याला दहांपैकी एक गुण मिळेल. आता नियम असा करू, की कानाला कळणारी चूक असल्यास शून्य, आणि कानाला न कळणारी, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, श-ष किंवा गळालेल्या अ-ची चूक असल्यास अर्धा गुण वजा. एका शब्दात अशा दोन चुका असल्या तरी वजावट एकदाच. मग ‘पंखा’ला एक, ‘दुसर्या’ला शून्य आणि उरलेल्या आठ शब्दांना अर्धा-अर्धा, असे पाच गुण होतात. मुलाने जवळजवळ सर्व शब्द नीट ऐकले आहेत, हे पाच हा आकडा सांगतो.

चुकांची मांडणी केली की उपायही दिसतो. नदि, फुल, विहिर या तीन चुका शब्दाचा शेवट पाहून दीर्घ करण्याचे नियम हाती नसल्याच्या आहेत. ‘दीवा’ व ‘फूलांचा’ या त्याच नियमांच्या उलट बाजूच्या. म्हणजे नऊपैकी पाच चुकांसाठी मुलाला एकच गोष्ट शिकवायची आहे : आधी शब्दाचा शेवट पाहायचा, मग वेलांटी किंवा उकार ठरवायचा. ‘सुर्य’ची चूक वेगळी आहे. मराठी शब्दांत जोडाक्षरापूर्वी उकार सहसा ऱ्हस्व असतो, ‘सूर्य’ हा तत्सम असल्याने अपवाद, आणि तो डोळ्याखालून पुन्हा पुन्हा जाण्यानेच बसतो. ‘दुसर्या’साठी दऱ्या–दर्या ऐकवून भेद कानाला दाखवावा लागेल. प्रत्येक चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावण्याने यांतले काहीच साधत नाही. तिसऱ्या-चौथ्या ओळीनंतर मूल वरच्या ओळीची नक्कल करते, आणि एखादी वेलांटी घसरली तर तीच खालपर्यंत उतरते.

काही रूपे चूक धरू नयेत. तत्सम शब्दांत अनुस्वाराऐवजी पर-सवर्ण, म्हणजे पुढील अक्षराच्या वर्गातील अनुनासिक, विकल्पाने चालतो, म्हणून ‘पंडित’ व ‘पण्डित’ दोन्ही बरोबर. ‘तंटा’सारख्या मराठी शब्दात मात्र ‘तण्टा’ नको. य, र, ल, व, श, ष, स, ह यांपूर्वी फक्त शीर्षबिंदू द्यायचा असतो, म्हणून उच्चार काहीही ऐकू आला तरी ‘सिंह’ व ‘संयम’. शासनाने २००९ साली पाकळीयुक्त ल व देठयुक्त श ही वळणे प्रमाण ठरवली आणि २०२२ साली वर्णमालेविषयीचा निर्णय अद्ययावत केला. अक्षराच्या वळणातील असा फरक हा शब्दलेखनातील दोष नव्हे, त्यामुळे श्रुतलेखनात त्याचा गुण कापू नये. मुलांनी वह्या अदलाबदल करून तपासणे वेळ वाचवते, पण वेलांटीची बाजू त्यांच्या नजरेतून निसटते. ऱ्हस्व-दीर्घाची यादी शिक्षकानेच तपासावी.

वऱ्हाड व खानदेशात ळ-च्या जागी य (डोळा–डोया) किंवा ण-च्या जागी न बोलणारी मुले ऐकलेले प्रमाण रूप आपल्या बोलीत वळवून लिहितात. ही अर्ध्या गुणाची चूक धरणे न्याय्य दिसते, कारण मुलाच्या कानावर घरी तेच पडते. महाराष्ट्रातील इतर माध्यमांच्या शाळांत २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची झाल्यापासून आणखी एक प्रकार दिसतो : हिंदीच्या सवयीने ‘कवि’, ‘शक्ति’, ‘गुरु’ असे ऱ्हस्वान्त लिहिणे. अशा वर्गात अन्त्य दीर्घाची यादी तिसऱ्या टप्प्याच्या अगदी आरंभी, आणि तीही हिंदी-मराठी समान शब्दांचीच, घ्यावी लागते.