करारावर सही करण्याआधी: डिझाइन नेमके कोणाचे?

लोगो, लेबल, पॅकेजिंगसाठी येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तीन पानी करार देतो. बरेच जण तो न वाचताच सही करतात. वाद मात्र पुढे नेमके त्यातल्याच काही कलमांवरून होतात, म्हणून ती इथे उदाहरणासह देत आहोत.

समजा, तुमच्या तीन मसाल्यांच्या पाऊचचे डिझाइन ४०,००० रुपयांना ठरले. करारात आम्ही नुसते ‘पॅकेजिंग’ लिहीत नाही. तीन पाऊच, पुढची-मागची बाजू आणि छपाईची पीडीएफ असे मोजून लिहितो. घटक, वजन, एफएसएसएआय क्रमांक हा मजकूर तुम्ही लेखी द्यायचा. तो बरोबर आहे की नाही, हे पाहणे तुमच्याकडे. फोटो आणि छपाई यात धरलेली नाही.

दुरुस्तीच्या दोन फेऱ्या याच रकमेत होतात. फेरी म्हणजे सगळ्या सूचना एकत्र, एकाच माणसाकडून. आज वहिनी, उद्या भागीदार असे व्हॉट्सॲपवर येत राहिले, तर फेऱ्या मोजायच्या कशा? ‘लाल रंग गडद करा’ ही दुरुस्ती; ‘चौथा मसालाही घ्या’ हे नवे काम, त्याचा दर वेगळा.

पैसे तीन टप्प्यांत: सुरुवातीला १६,०००, पर्याय निवडल्यावर १२,००० आणि अंतिम फाइल देण्याआधी १२,०००. आमची उद्यम नोंदणी आहे. त्यामुळे एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार झालेल्या कामाच्या बिलाला लेखी करारानेही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत देता येत नाही. त्यापुढे व्याज लागते.

आता मालकी. ‘पैसे दिले म्हणजे डिझाइन आमचे’ असे बहुतेकांना वाटते. कॉपीराइट कायदा, १९५७ तसे म्हणत नाही. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून केलेले काम सहसा मालकाचे होते. मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोलाही वेगळा नियम आहे. पण बाहेरच्या डिझायनरने केलेल्या लेबलचा हक्क सहसा त्याच्याकडेच राहतो. तो तुमच्या नावे व्हायला त्याच्या सहीचा लेखी कागद लागतो.

तो कागदही अर्धवट असून चालत नाही. मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी मिळतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. मसाला दुबईला पाठवायचा झाला की हीच गोष्ट आडवी येते. शिवाय मिळालेला हक्क वर्षभर वापरला नाही, तर कागदात वेगळे काही ठरले नसल्यास तो संपतो. माल बाजारात यायला उशीर झाला तर हे घडू शकते. म्हणून आमच्या पत्रात जगभर, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी आणि वापराची अट न घालता, असे स्पष्ट लिहिलेले असते. शेवटचा हप्ता मिळाला की त्यावर सही करून देतो. तोवर कच्चे नमुने छापू नका.

नापसंत केलेले पर्याय आमच्याकडेच राहतात. विकत घेतलेल्या फॉन्टचा परवाना या पत्रात येत नाही. फॉन्ट तुमच्या संगणकावर टाकायचा असेल तर तो वेगळा घ्यावा लागेल.