आयताकृती बीमच्या सेक्शनमधला दीडपट कुठून येतो

स्टीलचा भरीव बार घ्या, 50 मिमी रुंद आणि 100 मिमी उंच, 2 मीटरच्या अंतरावर दोन टेकूंवर उभा ठेवलेला, आणि बरोब्बर मधोमध वरून लोड वाढवत न्यायचा. स्टील साधं माइल्ड, यील्ड स्ट्रेस 250 न्यूटन प्रति चौरस मिमी. नेहमीच्या पद्धतीने गणित केलं तर 41.67 किलोन्यूटनला बारची वरची आणि खालची कड यील्ड होते, आणि बरेच जण इथेच थांबतात, म्हणजे बीमची ताकद संपली असं धरून चालतात. पण प्रत्यक्षात हाच बार 62.5 किलोन्यूटनच्या आसपास जाईपर्यंत तग धरतो. बरोब्बर दीडपट. हा दीड म्हणजे आयताचा शेप फॅक्टर, आणि पुस्तकात तो दोन सूत्रांच्या भागाकारातून एका ओळीत येतो म्हणून पाठ होतो पण आत काय घडतं ते बऱ्याचदा कळतच नाही.

आधी यील्ड होण्याच्या क्षणाला काय असतं ते बघू. बीम वाकला की वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधे न्यूट्रल अ‍ॅक्सिसवर काहीच नाही. स्ट्रेस मधल्या शून्यापासून कडेच्या 250 पर्यंत सरळ रेषेत वाढत जातो, म्हणजे वरती एक त्रिकोण आणि खाली एक त्रिकोण. वरच्या अर्ध्या भागावर सरासरी स्ट्रेस फक्त 125, आणि त्या भागाचं क्षेत्रफळ 50 गुणिले 50 म्हणजे 2500 चौरस मिमी, तर एकूण दाब झाला 312.5 किलोन्यूटन. खाली तेवढाच ताण. ही दोन बलं त्रिकोणांच्या केंद्रांवर लागतात, म्हणून त्यांच्यातलं अंतर उंचीच्या दोन तृतीयांश, 66.7 मिमी. बल गुणिले अंतर केलं की 20.83 किलोन्यूटन मीटर मिळतात, हा यील्ड मोमेंट, आणि यील्ड स्ट्रेस `f_y`, रुंदी `b`, उंची `d` धरून सूत्रात लिहिला तर `M_y = f_y·b·d²/6`.

आता लोड अजून वाढवला. कडेचा थर 250 वर पोचलाय, माइल्ड स्टील त्या स्ट्रेसवर लांबत राहतं पण जास्त स्ट्रेस घेत नाही, म्हणून जादाचा भार आतल्या थरांवर जातो जे अजून पूर्ण वापरलेच गेले नव्हते. ते एकेक करून 250 वर येतात, यील्ड झालेला भाग वरून आणि खालून मधे सरकत येतो आणि उरलेला इलॅस्टिक गाभा पातळ होत जातो. शेवटी कल्पनेत गाभा संपतो आणि वरचा अख्खा अर्धा भाग 250 ने दाबलेला, खालचा अख्खा अर्धा भाग 250 ने ताणलेला. त्रिकोणांचे आता आयत झाले. दाब झाला 625 किलोन्यूटन, दुप्पट.

मग मोमेंट दुप्पट का नाही होत? इथे मला सगळ्यात जास्त मजा येते. आयताचं केंद्र त्याच्या मधोमध असतं, म्हणून दोन्ही बलं आता न्यूट्रल अ‍ॅक्सिसच्या जवळ आली, त्यांच्यातलं अंतर 66.7 वरून 50 मिमी झालं, म्हणजे पाऊणपट. बल दुप्पट, अंतर पाऊणपट, गुणाकार दीडपट. 625 गुणिले 0.05 म्हणजे 31.25 किलोन्यूटन मीटर, हा फुल्ली प्लास्टिक मोमेंट, `M_p = f_y·b·d²/4`. बघा, b आणि d दोन्ही सूत्रांत सारखेच आहेत त्यामुळे भागाकारात उडून जातात, म्हणून आयत उभा असो, आडवा असो, सडपातळ असो की चौकोनी, शेप फॅक्टर दीडच राहतो. हाच बार आडवा टाकला तर फुल्ली प्लास्टिक मोमेंट अर्धा होतो, 15.6, पण यील्ड मोमेंटही अर्धा होतो आणि गुणोत्तर तसंच.

आता "कल्पनेत गाभा संपतो" असं वर म्हटलं त्याचं कारण असं की तो खरं तर कधीच पूर्ण संपत नाही. सपाट छेद वाकल्यावरही सपाटच राहतो हे धरलं तर न्यूट्रल अ‍ॅक्सिसच्या अगदी लगतचा थर यील्ड व्हायला बीमला अनंत वाकावं लागेल. पण ही अडचण कागदावरचीच आहे, आणि ते आकड्यांत लगेच दिसतं. गाभ्याची उंची `h` धरली तर

`M = M_p·[1 − (1/3)(h/d)²]`

आणि वक्रता यील्डच्या वेळच्या वक्रतेच्या `d/h` पट. गाभा निम्मा उरला म्हणजे वक्रता दुप्पट झाली तेव्हाच मोमेंट 28.6 वर गेलेला असतो, फुल्ली प्लास्टिकच्या जवळजवळ 92 टक्के. गाभा फक्त 10 मिमी उरला, वक्रता दहापट, तेव्हा मोमेंट 31.15. शेवटचा 0.1 किलोन्यूटन मीटर मिळवायला वाट्टेल तेवढं वाकवावं लागेल, पण त्याची गरजच कुणाला आहे. दहापट वक्रतेला कडेचा स्ट्रेन 1.25 टक्के असतो, आणि माइल्ड स्टील साधारण एवढ्याच स्ट्रेनपर्यंत स्ट्रेस न वाढवता लांबत जातं आणि मग पुढे स्ट्रेन हार्डनिंगमुळे पुन्हा थोडं कडक व्हायला लागतं, त्यामुळे 31.25 हा आकडा बेधडक वापरता येतो.

ह्या अवस्थेत मधला छेद मोमेंट तेवढाच ठेवून फिरत राहतो, म्हणून त्याला प्लास्टिक हिंज म्हणतात. हिंज म्हटलं की एक बिंदू डोळ्यासमोर येतो, पण यील्ड झालेला भाग एका बिंदूत बसत नाही. मधोमध लोड असताना मोमेंट टेकूपासून मध्यापर्यंत सरळ वाढतो, आणि जिथे जिथे तो 20.83 च्या वर आहे तिथे तिथे कडा यील्ड झालेल्या आहेत. मोजलं तर मधला एक तृतीयांश स्पॅन, म्हणजे आपल्या बारचे तब्बल 667 मिमी. कडेला रुंद आणि आत निमुळता होत जाणारा हा भाग लॅबमध्ये डोळ्यांनी बघता येतो, टेस्टच्या आधी बारला पातळ चुन्याचा हात दिला की यील्ड झालेल्या जागी तो तडकून गळायला लागतो, आधी मधोमध कडांवर आणि मग दोन्ही बाजूंना आणि आतल्या दिशेने पसरत.

आता एक गैरसमज. शेप फॅक्टर जास्त म्हणजे सेक्शन चांगला असं वाटतं, पण उलट आहे. भरीव गोल बारचा 1.70, टोकावर उभा केलेल्या चौकोनाचा 2, आणि आय सेक्शनचा साधारण 1.15. आय सेक्शन वाईट आहे का? अजिबात नाही, त्यातलं बरंचसं स्टील आधीच कडेला फ्लँजमध्ये आहे, यील्डच्या क्षणाला ते जवळपास सगळं कामाला लागलेलं असतं म्हणून नंतर मिळवायला फारसं काही उरत नाही. आयतात मधलं स्टील यील्डच्या वेळी जवळजवळ रिकामं बसलेलं असतं, तेच नंतर कामाला येतं. शेप फॅक्टर सांगतो की पहिल्या यील्डनंतर किती राखीव शिल्लक आहे, एकूण ताकद किती ते नाही.

आणि हे राखीव वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी. समजा कोलॅप्स लोड 62.5 ला 1.5 च्या लोड फॅक्टरने भागून रोजचा लोड ठरवला तर येतात 41.67, म्हणजे बरोब्बर पहिल्या यील्डचाच लोड. कोलॅप्सपासून दीडपट लांब आहोत पण कायमच्या वाकण्यापासून एक इंचही लांब नाही. टोकावरच्या चौकोनाला तर ह्याच हिशोबाने रोजच्या लोडलाच कडा यील्ड झालेल्या असतील. म्हणून ज्या आकारांचा शेप फॅक्टर मोठा त्यांच्यात प्लास्टिक मोमेंटच्या जोडीने रोजच्या लोडला यील्ड होतंय का आणि बीम किती लचकतोय हे वेगळं तपासावंच लागतं.

यील्डच्या पुढे नेऊन लोड काढला तर काय राहतं हेही बघण्यासारखं आहे. लोड काढताना स्टील पुन्हा इलॅस्टिक वागतं, म्हणजे आपण उलट दिशेने 31.25 चा मोमेंट सरळ रेषेच्या हिशोबाने वजा करतो, आणि त्याने कडेचा स्ट्रेस 250 च्या दीडपट म्हणजे 375 ने उतरतो. खालच्या कडेला 250 चा ताण होता तिथे आता 125 चा दाब, आणि न्यूट्रल अ‍ॅक्सिसच्या लगेच खाली मात्र काहीच उतरत नाही म्हणून तिथे जवळपास 250 चा ताण तसाच अडकून राहतो. मध्यापासून 33.3 मिमीवर शून्य. बाहेरून काहीही लोड नाही आणि बार वाकलेला, आतून ताणलेला. पुन्हा त्याच दिशेने लोड लावला तर आता तो जवळपास 31.25 पर्यंत इलॅस्टिक वागतो, पण उलट दिशेने वाकवलात तर त्या कडेच्या 125 मुळे खूप आधी, 10.4 लाच, यील्ड सुरू होतं.

हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे, की बीम यील्ड होऊन वाकेपर्यंत दुसऱ्या कुठल्या मार्गाने कोसळत नाही. कास्ट आयर्नसारखा ठिसूळ माल असेल तर ताणाची कड तुटते आणि आतल्या थरांची पाळीच येत नाही, तिथे दीडपट विसरून जा. पण चांगल्या स्टीललाही धोका आहे. 10 मिमी जाड आणि 200 मिमी उंच पट्टी उभी घ्या, सूत्राने फुल्ली प्लास्टिक मोमेंट 25 किलोन्यूटन मीटर, आपल्या बारच्या 40 टक्के वजनात 80 टक्के ताकद, खूपच आकर्षक वाटतं. पण 2 मीटरच्या स्पॅनवर, टेकूंवर पीळ अडवलेला असूनही, सगळीकडे सारखा मोमेंट लावला तर ही पट्टी साधारण 6.4 ला बाजूला झुकून पिळवटून पडते, यील्ड मोमेंट 16.7 असताना. म्हणजे प्लास्टिक तर सोडाच, पहिल्या यील्डपर्यंतही ती पोचत नाही. हीच तपासणी 50 बाय 100 च्या बारला लावली तर आकडा 330 च्या वर येतो, प्लास्टिक मोमेंटच्या दहापटीहून जास्त, म्हणून त्याला दीडपट बिनधास्त मिळतो. पट्टीला तो हवा असेल तर वरची, दाबातली कड थोड्या थोड्या अंतरावर बाजूने धरून ठेवावी लागेल.